टाके आणि कुंथण्याची भीती

नैसर्गिक बाळंतपणानंतर पहिल्यांदा शौचाला होण्यास बहुधा दोन-तीन दिवस लागतात. कळा सुरू असताना खाणे जवळजवळ थांबलेले असते आणि प्रसूतीच्या वेळी पोटही बऱ्याचदा रिकामे होते, त्यामुळे या उशिरात काही वावगे नाही. अडचण पुढे येते. शौचाची भावना होते, पण जोर लावला तर टाके उसवतील या धास्तीने बाळंतीण ती दाबून ठेवते.

प्रसूतीच्या वेळी डॉक्टरांनी दिलेला छेद योनीमार्गाच्या कडेपासून तिरपा जातो, म्हणजे तो गुदद्वारापासून दूर राहतो. तो शिवताना आतले अस्तर, मग स्नायू आणि शेवटी त्वचा असे थर जोडले जातात. धागा विरघळणारा असतो. मळाची वाट या टाक्यांच्या मागून जाते, त्यांच्यावरून नाही. शौचाच्या वेळी तिथे ताण जाणवतो, दुखतेही, पण नीट घातलेले टाके एवढ्याने सहसा सुटत नाहीत. ही गोष्ट बाळंतिणीला घरी जाण्याआधीच कुणीतरी समजावून सांगायला हवी, कारण ती न कळल्यामुळेच पुढचा त्रास ओढवतो.

समजा, सोमवारी रात्री प्रसूती झाली आणि बुधवारी सकाळी चहा-नाश्त्यानंतर पोटात हालचाल झाली. खाल्ल्यावर मोठे आतडे आपोआप जागे होते, म्हणून ही वेळ सर्वांत सोयीची असते. पण भीतीने ती वेळ टाळली. थांबलेल्या मळातले पाणी आतडे शोषत राहिले. त्यातच लोहाच्या गोळ्या चालू होत्या, आणि त्यांनी अनेकींना बद्धकोष्ठ होते. बाळंतिणीला पाणी बेताने द्यायचे या घरातल्या समजुतीमुळे पाणीही कमी पडले. वास्तविक अंगावर पाजणाऱ्या आईला ते जास्त लागते. शुक्रवारी मळाचा खडा झाला. आता खरोखरच कुंथावे लागले, गुदद्वाराच्या कडेला चीर पडली, आणि पुढच्या वेळची भीती दुप्पट झाली.

ही साखळी बुधवारीच तोडता येते. भावना झाली की लगेच जावे. कमोडवर बसताना पायांखाली वीतभर उंचीचे स्टूल ठेवावे, गुडघे कमरेच्या वर येऊ द्यावेत आणि कोपरे मांड्यांवर टेकून पुढे झुकावे. मळाची वाट अशाने सरळ होते. स्वच्छ पॅड हातात घेऊन टाक्यांच्या जागी पुढून हलकेच आधार दिला की ताण कमी जाणवतो. श्वास रोखून जोर लावण्याऐवजी तोंड किंचित उघडे ठेवून श्वास सोडत राहावा. दहा मिनिटांत झाले नाही तर उठावे. नंतर कोमट पाण्याने पुढून मागे धुऊन जागा टिपून कोरडी करावी.

आहारात डिंकाचे आणि अळिवाचे लाडू असतातच, पण पालेभाजी, पपई, भिजवलेले मनुके यांनाही जागा हवी. तरीही मळ घट्ट राहिला तर डॉक्टर लॅक्ट्युलोजसारखे मळ मऊ करणारे औषध देतात. ते स्तनपान चालू असतानाही घेता येते, मात्र परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून खडा होण्याची वाट पाहू नये. लोहाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. त्यांनी मळ काळपट होतो, त्याला घाबरण्याचे कारण नाही.

प्रसूतीत गुदद्वाराचा स्नायूच फाटला असेल तर गोष्ट वेगळी. तो शिवल्यावर मळ मऊ ठेवणारे औषध सुरुवातीपासून देतात. एनिमा किंवा गुदद्वारात ठेवायची औषधे अशा वेळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

सिझेरियनमध्ये टाके पोटावर असतात. शस्त्रक्रियेने आतडी काही काळ सुस्तावतात आणि ट्रॅमाडोलसारखी वेदनाशामके ती आणखी मंद करतात. पहिला दिलासा म्हणजे वारा सरणे. डॉक्टरांच्या परवानगीने लवकर खाणे-पिणे, आधार घेऊन खोलीत चालणे, यांनी आतडी लवकर पूर्ववत होतात. च्युइंगगम चघळल्यानेही मदत होते. खोकताना किंवा शौचाच्या वेळी जखमेवर उशी अलगद दाबून धरली की टाके ओढल्यासारखे वाटत नाहीत.

पोट फुगत चालले, उलट्या होऊ लागल्या आणि वाराही सरेना, तर वाट न पाहता रुग्णालयात जावे. ताप, टाक्यांतून पू किंवा दुर्गंधी, जखमेची कड उघडणे हीसुद्धा तातडीची कारणे आहेत. पुसताना लालभडक रक्ताचा थेंब दिसणे बहुधा चिरेचे किंवा मूळव्याधीचे असते, तरी ते डॉक्टरांना सांगावे. वारा किंवा मळ आवरता न येणे, योनीमार्गातून मळ येणे या तक्रारी बायका लाजेने महिनोन्महिने दडवतात. त्यांच्यावर उपचार आहेत, आणि त्यासाठी तपासणी लवकर व्हावी लागते.