तिथीचा वाढदिवस यंदा कोणत्या तारखेला?

समजा, 28 मार्च 2024 रोजी रात्री आठ वाजता पुण्यात एका मुलीचा जन्म झाला. आजीची इच्छा अशी की नातीचं औक्षण दरवर्षी तिथीने व्हावं. दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात फाल्गुन वद्य तृतीया छापलेली होती, तिथीने येणारी शिवजयंतीही त्याच दिवशी होती. घरच्यांनी वहीत तृतीया लिहिली आणि पहिल्याच पायरीला चुकले. मुलीची जन्मतिथी चतुर्थी आहे.

चूक कुठे झाली ते कळण्यासाठी तिथी म्हणजे काय हे आधी पाहू. अमावास्येच्या अखेरीस सूर्य आणि चंद्र आकाशात एकाच अंशावर असतात. तिथून चंद्र पुढे सरकतो आणि दर बारा अंशांच्या अंतराला एक तिथी पुरी होते. चंद्राची गती सारखी नसते. तो पृथ्वीच्या जवळ असताना भरभर जातो, दूर असताना रेंगाळतो. त्यामुळे एखादी तिथी वीस-एकवीस तासांत आटोपते, तर एखादी सव्वीस-सत्तावीस तासांपर्यंत लांबते. ती दिवसा-रात्री केव्हाही सुरू होते, केव्हाही संपते. दिनदर्शिकेच्या चौकोनात मात्र एकच तिथी मावते, म्हणून सूर्योदयाला जी चालू असेल ती त्या दिवसाच्या नावावर लिहायची असा संकेत आहे. 28 मार्चला तृतीया संध्याकाळी 6 वाजून 56 मिनिटांनी संपली. बाळ आठला जन्मलं, तेव्हा चतुर्थी लागून तास उलटला होता. त्या दिवशी संकष्टी होती, यातही तेच दिसतं. संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळची चतुर्थी बघतात.

म्हणजे जन्माच्या क्षणी चालू असलेली तिथी ही जन्मतिथी. पुढच्या वर्षांत मात्र ती तिथी ज्या दिवशी सूर्योदयाला असेल, तो दिवस वाढदिवसाचा. एकदा घड्याळ बघायचं आणि नंतर दरवर्षी सूर्योदय बघायचा. बहुतेक घोटाळे या दोन नियमांची सरमिसळ केल्याने होतात.

आता 2025 साल घेऊ. चतुर्थी 17 मार्चला संध्याकाळी 7 वाजून 33 मिनिटांनी लागली आणि 18 मार्चला रात्री 10 वाजून 9 मिनिटांनी संपली. सूर्योदयाची चतुर्थी 18 तारखेला, म्हणून पहिला वाढदिवस 18 मार्चला. संकष्टी त्या वर्षी 17 तारखेला होती. ‘संकष्टीला जन्मली’ एवढंच लक्षात ठेवलेल्या घरात औक्षण एक दिवस आधीच उरकलं असतं. 2026मध्येही तसंच झालं: संकष्टी 6 मार्चला, सूर्योदयाची चतुर्थी 7 मार्चला.

या तारखांवरून एक अंदाज बांधता येतो. बारा चांद्रमासांचं वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. 29 मार्चच्या सूर्योदयाची चतुर्थी पुढच्या वर्षी 18ला आली, त्यापुढे 7ला. ही घसरण अधिकमास भरून काढतो. 2026मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ, त्यामुळे 2027ची फाल्गुन वद्य चतुर्थी फेब्रुवारीत न जाता मार्चच्या चौथ्या आठवड्यात येते. अंदाजाने आठवडा कळतो, नेमका दिवस मात्र त्या वर्षीच्या पंचांगातूनच घ्यावा लागतो.

अधिकमास आला की आणखी एक प्रश्न उभा राहतो. 2023मध्ये 18 जुलै ते 16 ऑगस्ट अधिक श्रावण होता आणि त्यानंतर निज श्रावण. श्रावण शुद्ध पंचमीचा जन्म असलेल्याने त्या वर्षी वाढदिवस कधी करायचा? रूढी अशी की वाढदिवस निज मासात. नागपंचमीही त्या वर्षी 21 ऑगस्टला झाली, जुलैत झाली नाही. सणांच्या मागोमाग गेलं तर इथे सहसा चूक होत नाही. उलट ज्याचा जन्मच अधिक श्रावणातला, त्याने एरवीच्या वर्षी साध्या श्रावणातली तीच तिथी धरायची. अधिक श्रावणाची वाट बघत बसला, तर त्याची वर्षंच्या वर्षं कोरडी जातील!

तिथीचा क्षय झाला तर सूर्योदयाचा नियम अडतो. पौष शुद्ध एकादशीचं उदाहरण पाहा. 2025मध्ये ती 10 जानेवारीला आली. पुढची एकादशी त्याच वर्षी 30 डिसेंबरला सकाळी 7 वाजून 50 मिनिटांनी लागली आणि 31ला पहाटे पाचलाच संपली. पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे 30ला सूर्योदयाला दशमी आणि 31ला द्वादशी. एकादशीला सूर्योदय मिळालाच नाही. अशा वेळी तिथी ज्या दिवसात पडली तोच दिवस घ्यायचा, इथे 30 डिसेंबर. त्या तिथीच्या माणसाचे 2025मध्ये दोन वाढदिवस झाले. 2026च्या कॅलेंडरात मात्र एकही नाही, कारण पुढची पौष शुद्ध एकादशी थेट जानेवारी 2027मध्ये येते.

याउलट लांबलेली तिथी दोन सूर्योदयांना असू शकते. आपल्या मुलीचे आईवडील 2025मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला असते, तर चतुर्थी त्यांच्या घड्याळात 17 मार्चच्या सकाळी 7 वाजून 3 मिनिटांनी लागली असती. तिथला सूर्योदय त्यानंतर पाव तासाने. 18ला सकाळी सूर्य उगवला तेव्हाही चतुर्थीच होती. अशा वेळी जन्मनक्षत्र ज्या दिवशी असेल तो दिवस घेण्याची रीत आहे. नक्षत्राने प्रश्न सुटला नाही, तर घरच्यांनी एक दिवस ठरवावा. पुण्याचं पंचांग मात्र परदेशात जसंच्या तसं वापरू नये. वेळ तिथली करून घ्यायची आणि सूर्योदयही तिथलाच बघायचा.

सगळ्यात मोठी चूक होते ती महिन्याच्या नावात, आणि ती पुरत्या महिन्याची असते. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्षाचं नाव दोन्हीकडे सारखंच राहतं, पण आपला फाल्गुन वद्य पक्ष उत्तरेच्या पंचांगात चैत्र कृष्ण असतो. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या जुन्या पत्रिकेत किंवा हिंदी अ‍ॅपमध्ये ‘चैत्र कृष्ण चतुर्थी’ दिसली आणि ती मराठी दिनदर्शिकेच्या चैत्रात शोधली, तर औक्षण एप्रिलवर जाईल. ताळा करायला जवळचा सण धरावा. फाल्गुन वद्य पंचमीला रंगपंचमी असते, म्हणून आपल्या मुलीचा वाढदिवस सहसा रंगपंचमीच्या आदल्या दिवशी यायला हवा. पुढच्या वर्षांच्या तारखा अ‍ॅपवरून काढल्या असतील तर आणखी एक पडताळा आहे. एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळपास जुळतात. 2005 आणि 2024, दोन्ही वर्षी गणेशचतुर्थी 7 सप्टेंबरला होती. एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक चालतो. महिन्याचा फरक दिसला, तर अधिकमास किंवा महिन्याचं नाव चुकलं असं समजावं.

घरात बाळ जन्मलं की तारखेशेजारी जन्मवेळ, गाव, शक आणि तिथी लिहून ठेवा. महिना अधिक की निज आणि पंचांग कुठलं, हेही लिहा. आपल्या मुलीची नोंद अशी होईल: शके 1945, फाल्गुन वद्य चतुर्थी, रात्री आठ, पुणे, मराठी पंचांगाप्रमाणे.