टायरच्या अंगावरचं गणित

टायरच्या दुकानात बहुतेक गाडीमालक दोनच गोष्टी विचारतात : कंपनी कोणती आणि किंमत किती. साइज दुकानदार बघतो, आणि तोही बऱ्याचदा ‘पंधराचा टायर’ म्हणून मोकळा होतो. पण टायरच्या बाजूवर उठावदार अक्षरांत जी ओळ असते, तिच्यातले आकडे एकमेकांत गुंतलेले असतात. एकाला हात लावला की दुसराही हलतो. टायर बदलताना होणाऱ्या बऱ्याच चुका इथेच होतात, म्हणून ही ओळ एकदा नीट वाचून घेऊ.

मारुती स्विफ्टच्या वरच्या मॉडेल्सना येणारा टायर घ्या : १८५/६५ आर १५. त्यापुढे असतं ८८ एच.

१८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ती एका बाजूच्या फुगवट्यापासून दुसऱ्या बाजूच्या फुगवट्यापर्यंत मोजतात. रस्त्याला टेकणारा पट्टा याहून अरुंद असतो, त्यामुळे जमिनीवर टेप लावून मोजलं तर १८५ भरणार नाही. शिवाय ही रुंदी ठरावीक मापाच्या रिमवर मोजलेली असते. तोच टायर अर्धा इंच जास्त रुंद रिमवर चढवला, तर तो साधारण पाच मिलिमीटर फैलावतो.

यापुढचा ६५ सर्वांत जास्त गोंधळात टाकतो, कारण ते मिलिमीटर नाहीत, टक्के आहेत. टायरच्या बाजूची उंची, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतचं रबर, रुंदीच्या किती टक्के आहे ते हा आकडा सांगतो. १८५चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांची रचना. आणि १५ हा रिमचा व्यास, इंचात. रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत आणि रिम इंचात अशी ही खिचडी आहे. मिशेलिन कंपनीने १९७०च्या दशकात रिमही मिलिमीटरमध्ये मोजणारे टायर आणले होते, पण ते रुळले नाहीत आणि इंच टिकून राहिले.

आता पूर्ण चाकाची उंची काढू. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरचं १२० आणि खालचं १२० मिळवलं की ६२१. याच स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येत असे. १६५चे ८० टक्के १३२, दोन्हीकडचे मिळून २६४. १४ इंची रिमचे ३५६ धरून बेरीज ६२०. रिम एक इंचाने लहान, टायर वीस मिलिमीटरने अरुंद आणि तरीही चाकाची उंची जवळजवळ तीच! कंपनी जपते ती ही उंची, कारण स्पीडोमीटर, गिअरचं प्रमाण आणि मडगार्डमधली जागा हे सगळं तिच्यावर अवलंबून असतं.

आता समजा, गाडीची पकड वाढावी म्हणून एकाने त्याच रिमवर २०५/६५ आर १५ बसवला. ६५ तेच, १५ तेच, फक्त रुंदी वाढली असं त्याला वाटतं. पण ६५ टक्के आता २०५चे झाले. बाजूची उंची १३३वर गेली आणि चाक ६४७चं झालं, म्हणजे चार टक्क्यांहून थोडं जास्त मोठं. आता चाकाच्या प्रत्येक फेरीत गाडी तेवढं जास्त अंतर कापते, पण मीटर जुन्याच हिशेबाने मोजत राहतो. मीटरवर १०,००० किलोमीटर पडतात तेव्हा गाडी सुमारे १०,४०० धावलेली असते. वेगही प्रत्यक्षात असतो त्यापेक्षा चार टक्के कमी दिसतो. गाडी पूर्वीइतकंच पेट्रोल खात असली, तरी २०चं ॲव्हरेज कागदावर १९.२ येतं आणि मालक मेकॅनिककडे धावतो. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा मागे तिघं बसून गाडी खड्ड्यात दबली की खर्र असा आवाज आला, तर टायर आतल्या प्लास्टिकला घासतोय असं समजावं.

टायर रुंद करायचाच असेल तर टक्के उतरवावे लागतात. १९५/५५ आर १६चं गणित मांडा : १९५चे ५५ टक्के १०७, दोन्हीकडचे मिळून २१४, अधिक रिमचे ४०६. उत्तर पुन्हा ६२१च्या आसपास. अलॉय विकणारा हेच माप सुचवतो आणि उंचीपुरतं ते बरोबर असतं. पण इथे ओळीतला पुढचा आकडा बघायलाच हवा. मूळ टायरवर ८८ होतं, या मापाच्या साध्या टायरवर ८७ असतं.

हा भारांक. तो किलो नाही, तक्त्यातला क्रमांक आहे. ८० म्हणजे एका टायरमागे ४५० किलो, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०. प्रत्येक पायरीला वजन साधारण तीन टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे २४ पायऱ्यांत ते दुप्पट होतं : ८८ला ५६०, तर ११२ला ११२०. रिकामी स्विफ्ट साधारण ९०० किलोची. पाच माणसं आणि सामान धरून ती साडेतेराशेच्या आसपास जाते. चार टायर गुणिले ५६० म्हणजे २,२४०, मग चिंता कसली, असं वाटेल. पण ब्रेक लागताच वजन पुढच्या दोन चाकांवर येतं, वळणावर बाहेरच्या चाकांवर जातं, खड्ड्यात एकाच चाकावर आदळतं. ती शिल्लक या क्षणांसाठी ठेवलेली असते. म्हणून भारांक कंपनीने दिला असेल तेवढा किंवा त्याहून जास्त घ्यावा, कमी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रुंद टायरचा भारांक कमी कसा? वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते, आणि बुटक्या टायरमध्ये हवेला जागा कमी. याच मापाचा ‘एक्सएल’ लिहिलेला टायर मिळतो, त्याचा भारांक ९१, म्हणजे ६१५ किलो. त्याची बांधणी जास्त दाबासाठी मजबूत केलेली असते. मात्र ते ६१५ किलो जास्त हवेवरच मिळतात, जुन्याच दाबावर नाही. हवा कमी राहिली की कोणत्याही टायरची क्षमता उतरते. बाजू प्रत्येक फेरीत जास्त दुमडते, तापते आणि टायर दोन्ही खांद्यांवर झिजून मध्ये शाबूत राहतो. अशी झीज दिसली तर आधी हवा तपासावी. बुटक्या टायरला आणखी एक धोका असतो. खड्ड्यात बाजू रिमच्या कडेत चेपून आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो.

शेवटचं अक्षर वेगमर्यादेचं. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर. समृद्धी महामार्गावर मर्यादाच १२०ची असताना २१० कशाला, तर हे अक्षर मुळात टायर किती उष्णता सोसेल ते सांगतं. त्यातही मूळ अक्षराखाली उतरू नये.

आपल्या गाडीसाठीची मूळ साइज आणि हवेचा दाब चालकाचं दार उघडल्यावर खांबावरच्या स्टिकरवर सापडतो. दुकानात जाण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवावा. टायर बसवण्याआधी ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडेही बघावेत. ३५२४ म्हणजे २०२४ सालातला ३५वा आठवडा, ऑगस्टची अखेर. ही तारीख अनेकदा टायरच्या एकाच बाजूवर असते. बसवलेल्या टायरवर बाहेरून दिसली नाही, तर स्टेअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या आतल्या बाजूला शोधावी.