योजनेचे तीन अंदाज

एक लाख पोती बटाटे मावतील अशा शीतगृहाची योजना आखावयाची आहे, असे समजू. वर्षाचा स्थिर खर्च 50 लाख रुपये. 80,000 पोती आली, पोत्यामागे 100 रुपये भाडे मिळाले आणि 20 रुपये चालू खर्च झाला, तर 14 लाख रुपये शिल्लक राहतात. हा झाला मूळ अंदाज.

अनुकूल स्थितीत 95,000 पोती, 110 रुपये भाडे व 18 रुपये खर्च धरल्यास शिल्लक 37.4 लाखांवर जाते. प्रतिकूल स्थितीत 60,000 पोती, 90 रुपये भाडे व 25 रुपये खर्च धरल्यास 11 लाखांचा तोटा येतो. स्प्रेडशीटमध्ये हे तीन संच C, D व E या स्तंभांत मांडतात. B1 या चौकटीत 1, 2 किंवा 3 लिहिताच पुढील सूत्र त्या त्या संचातील आकडा उचलते:

```
=CHOOSE($B$1,C4,D4,E4)
```

B1 बदलूनही शिल्लक हलली नाही, तर सूत्रात कोठेतरी चौकटीऐवजी आकडाच लिहिला गेला आहे, असे ओळखावे.

तोट्याचे मूळ शोधण्यासाठी मूळ अंदाजातील एकेक घटक दहा टक्क्यांनी प्रतिकूल करून पाहतात. भाड्यामुळे शिल्लक 8 लाखांनी, पोत्यांमुळे 6.4 लाखांनी, तर चालू खर्चामुळे अवघ्या 1.6 लाखांनी घटते. मात्र हे घटक परस्परांपासून अलिप्त नसतात. पीक कमी आले की पोती घटतात आणि गिऱ्हाईक टिकविण्यासाठी भाडेही उतरवावे लागते. दोन्ही एकदमच दहा टक्क्यांनी घटली, तर 14 लाखांपैकी केवळ 40,000 रुपये हाती उरतात.