पोळपाट, डबा आणि किसणीची सहा भोकं

स्वयंपाकघरातल्या चाळीस वस्तूंचा आयकॉन-संच करायला घेतला, तेव्हा पहिल्या दिवशी मी दोनच चित्रं काढली: वरून दिसणारा गोल पोळपाट आणि चौकोनी डबा. दोन्ही २० एकक रुंद, दोन्हींची रेघ सारख्याच जाडीची. शेजारीशेजारी ठेवली तर डबा थोराड दिसला आणि पोळपाट त्याचा धाकटा भाऊ. पट्टीने मोजलं तर चूक कुठेच नव्हती, पण डोळा मान्य करेना.

कारण साधं आहे. २० बाजूच्या चौरसाचं क्षेत्रफळ ४०० भरतं आणि २० व्यासाच्या वर्तुळाचं ३१४. डोळा रुंदी मोजत नाही, व्यापलेली जागा मोजतो. गूगलच्या मटेरियल डिझाइनमध्ये यासाठी चार साचे दिलेले आहेत. कागद २४ बाय २४ चा, चारी बाजूंना २ ची मोकळी कड. आतल्या जागेत वर्तुळ २० व्यासाचं, चौरस मात्र १८ चा, उभा आयत १६ बाय २० आणि आडवा २० बाय १६. आता क्षेत्रफळं पाहा: ३१४, ३२४, ३२०, ३२०. डबा १८ चा केला आणि दोघं एका घरातले दिसू लागले. बरणी, तांब्या उभ्या आयतात गेले, गॅसची शेगडी आडव्यात. लाटणं, झारा, उलथनं या काटकुळ्या वस्तू मी तिरप्या ठेवल्या, आणि सगळ्या एकाच ४५ अंशांच्या कोनात. त्यातली एक जरी ३० अंशांवर गेली असती तरी ती दुसऱ्या संचातून उचलून आणल्यासारखी दिसली असती.

डिझाइनच्या ऑनलाइन बाजारात असे संच विकत घेणारी माणसं म्हणजे अॅप बनवणारे, पाककृतींची पुस्तकं छापणारे, हॉटेलांची मेन्यूकार्डं करणारे. त्यांना एकच आयकॉन हवा असेल तर कुठेही मिळतो. चाळीस चित्रं एका हाताची मिळणं अवघड, आणि पैसे ते त्याचेच देतात. म्हणून चित्राआधी नियम ठरतात: रेघ २ एकक जाड, टोकं गोलसर, दोन रेघांमध्ये निदान २ एकक मोकळी जागा.

या शेवटच्या नियमाने किसणीचा प्रश्न सोडवला. खऱ्या किसणीला भोकं ढिगाने असतात. आयकॉनमध्ये तिची चौकट बाहेरून १६ बाय २०. दोन्ही बाजूंची रेघ वजा केली की आत १२ बाय १६ उरतात. भोक म्हणजे २ एककांचा ठिपका. आडवं मांडलं तर कडेला ३, ठिपका, मध्ये २, ठिपका, पुन्हा कडेला ३; बारा भरले. उभ्या बाजूला त्याच अंतरांनी तीन ठिपके बसतात आणि सोळा भरतात. म्हणजे माझ्या किसणीला सहा भोकं, आणि ती सहाच असायला हवीत. मोहाने बारा काढली असती तर फोनच्या पडद्यावर नुसता राखाडी डाग दिसला असता.

व्हेक्टर चित्र ठिपक्यांचं बनलेलं नसतं, ते सूत्रांचं असतं. म्हणून कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. एसव्हीजी फाइल उघडून पाहिली तर आत चक्क वाचता येणारा मजकूर असतो. पोळपाट आतून असा:

```
<svg xmlns="http://www.w3.org/2000/svg" viewBox="0 0 24 24"
  fill="none" stroke="currentColor" stroke-width="2">
  <circle cx="12" cy="12" r="9"/>
</svg>
```

त्रिज्या ९ म्हणजे व्यास १८; त्यावर २ जाडीची रेघ निम्मी आत, निम्मी बाहेर, म्हणून बाहेरून २०. `currentColor` लिहिल्यामुळे वेबपानावरच्या मजकुराचा जो रंग तोच आयकॉनला मिळतो. इथे थेट काळा रंग लिहिला, तर घेणाऱ्याला प्रत्येक फाइल उघडून तो बदलत बसावं लागतं.

माझा पहिला संच एका बाजाराने परत पाठवला तो विळीमुळे. पात्यामागची पाटाची रेघ दिसू नये म्हणून मी तिच्यावर पांढरा आकार ठेवला होता. पांढऱ्या कागदावर ते छान दिसत होतं. तपासणाऱ्याने पार्श्वभूमी गडद केली आणि विळीवर पांढरं ठिगळ उठून आलं. रेघ झाकायची नाही, कापायची, हे तेव्हा कळलं. तेव्हापासून संच पूर्ण झाला की मी तो आधी गडद निळ्यावर मांडतो.

मूळ फाइलमध्ये रेघ ही रेघच ठेवावी, म्हणजे उद्या जाडी बदलता येते. विकायच्या प्रतीत मात्र बऱ्याचदा रेघांचे भरीव आकार करून द्यावे लागतात. आयकॉनचा फाँट बनवणाऱ्याला तेच लागतात. हे करताना एकमेकांवर आलेले आकार जोडून एक करायला विसरलं, तर घेणारा रंग पुसट करतो तेव्हा जिथे ते एकमेकांवर चढतात तिथे गडद गाठी दिसतात. छपाईवाले अजून ईपीएस मागतात. तिच्यात खरी पारदर्शकता नसते, म्हणून वाफ, सावली असलं काही अर्धपारदर्शक ठेवू नये. पीएनजी द्यायची तर २४ च्या पटीत द्यावी: ४८, ९६, १९२. ६४ ची दिली की २ ची रेघ ५.३३ होते आणि कडा धूसर येतात.

मोठ्या चित्रांमध्ये आणखी एक धोका असतो. मी मोदकपात्राच्या चित्रावर ‘उकडीचे मोदक’ अशी पाटी काढली होती. तो फाँट घेणाऱ्याकडे नसेल तर मात्रा आणि वेलांट्या भलतीकडे जाऊ शकतात. त्यामुळे अक्षरांचे आकार करून द्यावे लागतात. आणि त्याआधी त्या फाँटचा परवाना अशा विक्रीला चालतो का, तेही वाचावं लागतं.

परवान्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ ‘रॉयल्टी-फ्री’ या शब्दाने होतो. त्याचा अर्थ फुकट असा नाही. एकदा पैसे भरल्यावर प्रत्येक वापरासाठी पुन्हा द्यायचे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. मालकी चित्रकाराकडेच राहते आणि तेच चित्र दुसऱ्यालाही विकलं जातं. पुस्तकात, अॅपमध्ये वापरणं साध्या परवान्यात सहसा बसतं. मगवर किंवा टी-शर्टवर छापून ती वस्तूच विकायची असेल तर बहुतेक ठिकाणी वाढीव परवाना घ्यावा लागतो. फाइल जशीच्या तशी पुढे विकायला मात्र कोणताच नेहमीचा परवाना मुभा देत नाही.

उलट बाजूने आपणही घेणारे असतो. फेदर हा प्रसिद्ध मोफत संच एमआयटी परवान्याचा आहे. त्यातली चित्रं बदलून विकताही येतात, पण मूळ स्वामित्वाची सूचना सोबत ठेवावी लागते. क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘एनसी’ लिहिलेला परवाना असेल, तर विकायच्या संचात ते चित्र घेताच येत नाही. आपलं नसलेलं आपण पुढे कोणत्या अटींवर देणार?

एका मसालेवाल्याने माझा संच घेतला आणि फोन केला, “तुमचा खलबत्ता आमच्या पाकिटावर लोगो म्हणून घेतो, नोंदणीही करतो.” मी त्यांना सांगितलं, “काका, हाच खलबत्ता उद्या तुमच्या शेजारचा मसालेवालाही विकत घेऊ शकतो, मग तुमची ओळख कुठे राहिली?” त्यांच्यासाठी वेगळा खलबत्ता काढला, बाजारात कधीच न टाकलेला, आणि हक्क लिहून दिले. तसं लिहिताना मुदत आणि प्रदेश दोन्ही नमूद करावे लागतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. काकांची पाकिटं दुबईला जायची होती.