तत्त्वाचें नांव आणि प्रसंगांतील पुरावा

बारावीच्या वाणिज्य शाखेंत व्यवस्थापनाच्या प्रश्नपत्रिकेंत एखादा लहानसा प्रसंग देऊन त्यांत कोणतें तत्त्व दिसतें किंवा मोडलें आहे असें विचारण्याची रीत आतां रूढ झाली आहे. तत्त्वें बहुधा हेन्री फेयॉल या फ्रेंच खाण-अभियंत्यानें १९१६ सालीं मांडलेल्या चौदा तत्त्वांपैकीं असतात. विद्यार्थी तीं मुखोद्गत करतात. आणि येथेंच परीक्षकाची अडचण सुरू होते.

एक प्रसंग घेऊं. एका छापखान्यांत पांच हजार पुस्तिकांचें काम आलें आहे. उत्पादन-प्रमुख मशीनमनला सांगतो, "सायंकाळपर्यंत काम संपलें पाहिजे, यंत्राचा वेग वाढव." तासाभरानें दर्जा-निरीक्षक येऊन म्हणतो, "वेग कमी कर, आणि दर शंभर तावांनंतर यंत्र थांबवून छपाई तपास." मशीनमन दोघांचाही हाताखालचा. तो कधीं वेग वाढवतो, कधीं कमी करतो. आठशें ताव डागळतात, आणि दोन्ही अधिकारी एकमेकांकडे बोट दाखवतात. प्रश्न असा कीं, येथें कोणतें तत्त्व मोडलें आहे तें स्पष्ट करा. गुण चार : तत्त्वाच्या नांवाला एक, त्याच्या अर्थाला एक, आणि प्रसंगाशीं संबंध जोडण्याला दोन.

पहिला विद्यार्थी लिहितो : "येथें आदेशांतील एकवाक्यतेचें तत्त्व मोडलें आहे. फेयॉलच्या मतें प्रत्येक कर्मचाऱ्यास एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावे. तसें न झाल्यास गोंधळ होतो, शिस्त बिघडते आणि जबाबदारी निश्चित करतां येत नाहीं." अक्षर वळणदार, भाषा शुद्ध. दिवसाचा चाळिसावा पेपर तपासणारा परीक्षक चार गुण देऊन मोकळा होतो. परंतु प्रश्नपत्रिका हातानें झांकून हेंच उत्तर पुन्हां वाचावें. हा प्रसंग छापखान्याचा, रुग्णालयाचा कीं बँकेचा, हें त्यावरून सांगतां येईल काय? मशीनमन त्यांत नाहीं, वेग नाहीं, डागळलेले तावही नाहींत. जें उत्तर कोणत्याही प्रसंगाखालीं तसेंच चिकटवतां येतें, त्यानें या प्रसंगाविषयीं कांहींच सांगितलेलें नसतें.

अशा उत्तराची एक खूण क्रियापदांत सांपडते. "गोंधळ होतो, शिस्त बिघडते" हा पुस्तकाचा वर्तमानकाळ आहे. घडलेल्या प्रसंगाविषयीं बोलणारा "झाला, बिघडली" असें लिहितो. परीक्षक फसतो तो या परिणामांच्या यादीमुळें, कारण ती वरवर पाहतां स्पष्टीकरणासारखी दिसते. वस्तुतः ती पाठ केलेल्या व्याख्येचेंच शेपूट असते.

दुसरा विद्यार्थी लिहितो : "येथें निर्देशनांतील एकवाक्यता नाहीं. मशीनमनला एक साहेब वेग वाढव म्हणाला, दुसरा कमी कर म्हणाला. दोघांचें ऐकणें शक्य नव्हतें म्हणून त्यानें दोन्ही केलें आणि आठशें ताव फुकट गेले. आतां चूक कोणाची, हें ठरत नाहीं." नांव चुकलें आहे. निर्देशनांतील एकवाक्यता म्हणजे एकाच उद्दिष्टाच्या कामांना एक प्रमुख आणि एक योजना असणें. येथील प्रश्न एका माणसावर चालणाऱ्या दोन हुकमांचा आहे. कित्येक परीक्षक नांवावर काट मारून पुढचें वाचीतच नाहींत. परंतु एक कर्मचारी, दोन वरिष्ठ, एकाच बाबीवर परस्परविरोधी हुकूम आणि त्यांतून झालेलें नुकसान, हे चारही दुवे या मुलानें स्वतः शोधून काढले आहेत.

योजनेप्रमाणें हिशेब केला तर पहिल्याला नांव व अर्थ यांचे दोन गुण मिळतात. दुसऱ्याला नांवाचा नाहीं, अर्थाचा नाहीं, पण संबंधाचे पूर्ण दोन. घाईच्या तपासणींत ज्यांना चार आणि शून्य पडले असते, ते दोघे वस्तुतः बरोबरीचे आहेत. अर्थात् नांव बरोबर असल्याशिवाय पुढील गुण देऊं नयेत असें गुणदान-योजनेंतच म्हटलें असेल, तर परीक्षकास ती पाळावीच लागेल. ती योजना मात्र कठोर म्हटली पाहिजे.

तिसरा एक प्रकार आहे, आणि तो अधिक चकवतो. "प्रसंगांतील ओळी उद्धृत करा" अशी शिकवण मिळालेला विद्यार्थी दोन्ही अधिकाऱ्यांचीं वाक्यें अवतरणचिन्हांत जशींच्या तशीं उतरवतो, त्यांखालीं तत्त्वाचें नांव लिहितो, आणि थांबतो. तपशील आहे, तत्त्वही आहे. मधला "कारण" नाहीं. येथें एक गुण द्यावा, दोन नव्हेत.

पेपर शाळेंतला असेल आणि मुलाकडे परत जाणार असेल, तर समासांत "अपुरें" असा शेरा मारून कांहीं साधत नाहीं. मुलगा पुढच्या वेळीं तीच व्याख्या दुप्पट लांब लिहितो. त्याऐवजीं "आदेश" या शब्दाखालीं रेघ ओढून "कोणी दिला? कोणाला? कशाबद्दल?" एवढेंच लिहावें, आणि त्याच उत्तराखालीं दोन ओळी नव्यानें लिहून आणावयास सांगावें.