उकडलेल्या गजऱ्यांची गोष्ट

मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या घरी आठ गजऱ्यांचा घात झाला. मामेबहिणीचं लग्न होतं. रात्री आठला स्वागत समारंभ, म्हणून सकाळी नऊलाच मंडईतून मोगऱ्याचे आठ गजरे आणले. कोमेजू नयेत म्हणून त्यांच्यावर भरपूर पाणी शिंपडलं, ते प्लास्टिकच्या पिशवीत भरले, पिशवीला घट्ट गाठ मारली आणि ती कपाटावर ठेवून दिली. संध्याकाळी सहाला गाठ सोडली तर आत तपकिरी, चिकट असा एक लगदा! वासही मोगऱ्याचा नव्हे, आंबलेल्या भातासारखा.

आजीनं पिशवीत हात घातला आणि म्हणाली, "अगं, उकडले की हे!"

माझी भाची इरा सहावीत आहे. ती आजीवर हसली. "आजी, गॅसवर थोडेच ठेवले होते?"

पण आजीचा शब्द अगदी बरोबर होता. तुम्हीही अशा पिशवीत हात घालून पाहा, आत चक्क कोमट लागतं. ही ऊब कुठून आली?

कळी झाडावरून तोडली म्हणून ती लगेच मरत नाही. ती श्वास घेत असते. हवेतला ऑक्सिजन घ्यायचा, स्वतःजवळची साखर वापरायची, त्यातून कार्बन डायऑक्साइड, थोडं पाणी आणि थोडी उष्णता बाहेर सोडायची. एका कळीची उष्णता ती किती असणार! पण शेकडो कळ्या एकमेकींवर दाबून ठेवल्या की आतली ऊब बाहेर पडायला वाटच मिळत नाही. चीनमध्ये मोगऱ्याच्या कळ्या चहाच्या पानांत मिसळून सुगंधी चहा करतात. तिथले कारागीर कळ्यांचा ढीग तापायला लागला की तो पसरून देतात, नाहीतर फुलं खराब होतात. आमच्या पिशवीत पसरणारं कोणी नव्हतं. शिवाय आतली हवा संपत आलेली, प्लास्टिकला घाम फुटलेला आणि ते पाणी पाकळ्यांवरच ठिबकत होतं. उकडणं म्हणजे आणखी काय असतं?

यंदा पुन्हा एक लग्न होतं. इरानं जाहीर केलं, "या वेळी गजरे माझ्याकडे."

सकाळी मंडईत गजरेवाल्या मावशींकडे दोन टोपल्या होत्या. एकीत निम्मी उमललेली, घमघमणारी फुलं. दुसरीत मिटलेल्या, टपोऱ्या कळ्यांचे गजरे, ज्यांना नाक लावलं तरी जेमतेम वास येत होता. इरा अर्थातच पहिल्या टोपलीकडे वळली.

"कधी घालायचाय?" मावशींनी विचारलं.

"रात्री."

"मग तो नको. त्याचं झालं. हा ने, कळ्यांचा."

मोगरा संध्याकाळी उमलतो. शेतकरी पहाटे किंवा सकाळी त्याच्या कळ्या मिटलेल्या असतानाच तोडतात, आणि ती तोडलेली कळीसुद्धा अंधार पडायच्या सुमाराला आपली वेळ साधून उमलते. गंमत म्हणजे वास कळीत अत्तराच्या कुपीसारखा भरून ठेवलेला नसतो. तिच्याकडे असतो वासाचा कच्चा माल. पाकळ्या उघडू लागल्या की त्यापासून सुगंध तयार होतो आणि तासन् तास बाहेर पडत राहतो. पटत नसेल तर दुपारी एक मिटलेली कळी चुरडून हुंगा. हिरवा, पाल्यासारखा वास येईल, मोगऱ्याचा नाही. तोडलेलं फूल असं रात्रभर वास देत राहतं म्हणूनच उत्तर प्रदेशात पूर्वापार फुलांचे आणि तिळांचे थर देऊन ठेवतात. तीळ वास पितात आणि मग त्यांचं सुगंधी तेल काढतात.

(मोगरा हा उद्योग रात्री का करतो? रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी. अंधारात त्यांना पांढरा रंग दिसतो आणि वास सापडतो. आपल्या वेण्या ही त्याच्या दृष्टीनं भलतीच जागा आहे.)

म्हणजे इरापुढचं काम होतं ते असं: अकरा तास कळीला जिवंत ठेवायचं, तहानेनं सुकू द्यायचं नाही आणि उकडूही द्यायचं नाही. मग उमलायचं काम ती स्वतःच करते.

आजीनं तिच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचा हातभर तुकडा फाडून दिला. इरानं तो पाण्यात बुडवला आणि तसाच निथळता गजऱ्यांवर टाकायला निघाली. आजीनं तिचा हात धरला. "पीळ आधी. मुठीत दाबल्यावर एक थेंबही पडता कामा नये. हाताला गार लागलं पाहिजे, ओलं नाही."

का बरं? तोडलेल्या कळीला मुळं नाहीत, तेव्हा नवं पाणी येत नाही. जे आहे ते पाकळ्यांमधून वाफ होऊन हळूहळू उडत असतं. बाहेरची हवा जितकी कोरडी, तितकं ते लवकर उडतं. दमट कापड गजऱ्याभोवती एक छोटा पावसाळा तयार करतं. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत ना, तसंच तिथे कळीचंही पाणी उडत नाही. कापडाचं काम हवा दमट करण्याचं, कळीला आंघोळ घालण्याचं नव्हे.

आणि आंघोळ घातली तर? ते कळायला आम्ही एक छोटा प्रयोग केला. उमललेल्या फुलाची एक पाकळी घेऊन इरानं ती दोन बोटांच्या नखांमध्ये हलकेच दाबली. दाबलेल्या जागी पांढरा रंग नाहीसा झाला आणि पाकळी तेलकट कागदासारखी आरपार दिसू लागली!

"रंग कुठे गेला?"

मुळात रंग नव्हताच. मोगऱ्याच्या पाकळीत पांढरा असा रंग भरलेला नसतो. तिच्या पेशींच्या मधे हवेच्या इवल्या इवल्या फटी असतात. उजेड त्यांवर आपटून सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. साबणाचं पाणी पारदर्शक, पण त्याचा फेस पांढरा, तसाच हा प्रकार. नखानं दाबलं की फटीतली हवा निघून जाते आणि फुटलेल्या पेशींचं पाणी तिथे शिरतं. फेस विरला! गजरा बराच वेळ पाण्यात राहिला तरी पाणी या फटींमध्ये घुसतं आणि पाकळ्या तशाच काचेसारख्या होतात.

पुढचा तमाशा थोड्या वेळानं दिसतो. त्या आरपार डागाचा रंग तपकिरी होत जातो. चिरलेलं वांगं किंवा सफरचंद काळं पडतं, तेच हे. पेशी फुटली की एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली द्रव्यं एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन त्यांना भेटतो आणि तपकिरी रंग बनतो. म्हणजे सकाळी चिमटीत धरलेल्या गजऱ्यावर दुपारी तुमच्या बोटांचे ठसे उमटतात! गजऱ्याला हात कोणी लावला हे शोधायला पोलीस नकोत. म्हणून गजरा उचलायचा तो दोऱ्याच्या टोकांना धरून, किंवा तळहातावर झेलून.

आता डबा. आजीनं पसरट स्टीलचा डबा काढला. तळाशी केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर दमट कापडाची अर्धी घडी, त्यावर गजरे गोल फिरवून एकाच थरात ठेवले, एकावर एक रचले नाहीत. मग कापडाची उरलेली अर्धी घडी वरून सैलसर. ती वरची घडी महत्त्वाची. झाकणाला आतून पाणी जमतं, ते थेंब फुलांवर पडण्याऐवजी कापड टिपून घेतं. झाकण घट्ट न लावता नुसतं टेकवलं, कारण श्वास! डबा खिडकीपासून दूर, माठाशेजारच्या गार कोपऱ्यात गेला.

दर दोन-अडीच तासांनी इरा झाकण उघडून हात लावून बघत होती. कापड कोरडं वाटलं तर गजऱ्यावर नाही, कापडावरच दोन-चार थेंब शिंपडायचे. डब्यात कोमट लागलं तर झाकण काढून पाच मिनिटं वारा द्यायचा. एकदा साडेबाराला तसं करावं लागलं. आंबूस वास यायला लागला तर मात्र एखादं फूल सडलंय असं समजावं, ते शोधून काढून टाकावं आणि कापड बदलावं.

मी मधेच विचारलं, "फ्रिजमध्ये का नाही ठेवत?" रात्रभर ठेवायचे असते तर ठेवले असते, खालच्या भाजीच्या कप्प्यात, याच डब्यात. उघडे मात्र कधीच नाही, कारण फ्रिजची हवा कोरडी असते आणि शेजारच्या चिरलेल्या कांद्याचा वासही फुलांना लागतो. पण मोगरा उष्ण प्रदेशातला. गारठ्यात त्याची कळी उमलायला चालढकल करते, म्हणून घालायच्या दोन-तीन तास आधी बाहेर काढावा लागतो. आणि वरच्या बर्फाच्या कप्प्याचा विचारही नको. पेशींतल्या पाण्याचा बर्फ होतो, पेशी फुटतात, आणि बाहेर काढल्यावर पुन्हा तोच तपकिरी लगदा.

संध्याकाळी साडेसहाला झाकण उघडलं. कळ्यांची टोकं सुटली होती, काही अर्ध्या उघडल्या होत्या आणि स्वयंपाकघर एकदम वासानं भरून गेलं. सकाळचा तो बिनवासाचा गजरा हाच, यावर इराचा विश्वास बसेना. साडी, पावडर, सेंट सगळं उरकल्यावर अगदी शेवटी गजरे माळले. सेंट आधी, कारण त्यातलं अल्कोहोल पाकळ्यांवर उडालं तर डाग पडतात. आकडा फुलात न खुपसता दोऱ्यावरून सरकवला. आणि इराला स्कूटरवर हेल्मेट घालायचं होतं म्हणून तिचा गजरा डब्यात बसूनच कार्यालयात गेला, तिथे पोचल्यावर माळला.

नऊच्या सुमाराला ती धावत आली. रडवेली. "आत्या, माझ्या गजऱ्याचा वासच गेला!"

तेवढ्यात मागून तिचा दादा आला आणि म्हणाला, "इरा, तू किती घमघमतेस गं! जिन्यापर्यंत वास येतोय."

वास गेला नव्हता, इराचं नाक थकलं होतं. एकच वास सतत येत राहिला की नाक आणि मेंदू मिळून त्याची दखल घेणं सोडून देतात. मी तिला दहा मिनिटं बाहेर अंगणात पाठवलं, गजरा माझ्याकडे ठेवून. परत आली तेव्हा दारातच थांबली. "आला! आला वास!"

घरी आल्यावर तिनं गजरा पुन्हा त्याच कापडात गुंडाळून ठेवला. उद्या शाळेत घालायचा होता म्हणे. सकाळी पाकळ्या मऊ पडल्या होत्या, कडांना जांभळट-गुलाबी झाक आली होती, वास अगदी पुसट. उमललेल्या मोगऱ्याचं आयुष्य साधारण एका रात्रीचं, आणि त्यापुढे आजीच्या कापडाचंही काही चालत नाही. पण दोऱ्याच्या गाठीपाशी एक कळी अजून घट्ट मिटलेली होती. इरानं ती गजऱ्यातून अलगद सोडवली, पाण्याच्या वाटीत तरंगत ठेवली आणि वाटीवर चिठ्ठी लावली: "दाबू नये. संध्याकाळी सातला हुंगणे."