इंग्रजी नामांचे मराठीतील लिंगनिर्धारण : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
इंग्रजीत वस्तुवाचक नामांना व्याकरणिक लिंग नसते. मराठीत मात्र विशेषणाचे व क्रियापदाचे रूप नामाच्या लिंगानुसार बदलते. त्यामुळे इंग्रजीतून आलेला शब्द वाक्यात येताच त्याला लिंग द्यावे लागते. 'नवी बस आली', 'नवे टेबल आले', 'नवा मोबाईल आला' ही वाक्ये शुद्ध आहेत. विद्यार्थ्याने 'नवी टेबल आली' असे लिहिल्यास ती चूक कोणत्या आधारावर म्हणायची, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषय विवेचन :
लिंग ठरविणारे पहिले कारण म्हणजे अर्थाचे साम्य. राज्य परिवहनाच्या वाहनाला सातारा-सांगलीत सर्वजण 'एसटी' म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दांत वाहनाचा उल्लेखही नाही, तरी 'एसटी आली' असेच म्हटले जाते. कारण बोलणाऱ्याच्या मनात 'गाडी' असते. 'बस', 'जीप', 'कार' यांचेही तसेच. दुसरे कारण शब्दाचा शेवट. 'कंपनी', 'फॅक्टरी' हे ईकारान्त शब्द 'नदी', 'वाडी' यांच्या पंक्तीत बसून स्त्रीलिंगी होतात.

तथापि ही कारणे नियमासारखी चालत नाहीत. उसाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर 'ट्रॅक्टर आला' आणि त्याच्यामागची 'ट्रॉली उलटली' असे आपण म्हणतो. 'ट्रॉली' ईकारान्त म्हणून स्त्रीलिंगी झाली असे म्हणता येईल. परंतु 'गाडी'चे साम्यच निर्णायक असते, तर 'ट्रॅक्टर', 'ट्रक' व 'टेम्पो' हेही स्त्रीलिंगी झाले असते. म्हणजे ही कारणे रूढी कशी पडली ते सांगतात. शुद्धाशुद्धतेचा निर्णय मात्र रूढीच करते.

शेजारच्या भाषांमुळे ही रूढी ढळते. हिंदीत नपुंसकलिंग नाही. तेथे 'टेबल' बहुधा स्त्रीलिंगी वापरतात. 'नवी टेबल आली' हे वाक्य त्या वळणाचे आहे. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात कन्नड भाषकही आहेत. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंची नामे नपुंसकलिंगी असतात; म्हणून घरी कन्नड बोलणारा विद्यार्थी 'बस आले' असे लिहिण्याची शक्यता असते. येथे त्याला एकाच बसचा अर्थ अभिप्रेत असतो. ही निष्काळजी नसून मातृभाषेचा प्रभाव आहे, हे ध्यानी घेऊन त्याला 'ती बस' अशी सर्वनामासह जोडी शिकवावी.

काही शब्दांची रूढी अद्याप एकवट झालेली नाही. 'ते पेन' व 'तो पेन' हे दोन्ही प्रयोग ऐकू येतात. अशा शब्दाचे एकच लिंग शुद्ध मानून गुण कापणे न्याय्य नव्हे. परंतु 'नवा पेन हरवले' या वाक्यात विशेषण पुल्लिंगी व क्रियापद नपुंसकलिंगी आहे. ही निःसंशय चूक होय.

निष्कर्ष :
उत्तरपत्रिका तपासताना दोन प्रश्न क्रमाने विचारावेत. या शब्दाचे लिंग प्रमाण मराठीत रूढ झाले आहे काय? झाले असल्यास तेच ग्राह्य धरावे. नसल्यास, विद्यार्थ्याने स्वीकारलेले लिंग वाक्यात अखेरपर्यंत सांभाळले आहे काय, एवढेच पाहावे.